एक समभुज चौकोन आणि तीस दिवस

पत्र

बाई, मी कोरेगाव तालुक्यातल्या एका गावात मराठी माध्यमात आठवीत शिकतो. सैनिक स्कूलच्या नववीच्या प्रवेश परीक्षेला आता एक महिना उरलाय. भूमितीत सिद्धता पाठ केल्या की दोन दिवसांत विसरतो. रचना येतात, पण वेळ फार जातो. क्षेत्रफळ-घनफळाची सगळी सूत्रं पाठ आहेत, तरी उत्तरं चुकतात. माझा दादा म्हणतो, पर्यायी प्रश्नांच्या पेपरात सिद्धता आणि रचना येतच नाहीत, त्या सोडून दे आणि फक्त महत्त्वमापन कर. महिनाभरात कशाला किती वेळ देऊ?

उत्तर

बाळा, तुझा दादा अर्धा बरोबर आहे. चार पर्यायांतून एक निवडून गोल काळा करायचा असतो, त्यामुळे सिद्धता लिहायला किंवा आकृती काढायला कुणी सांगणार नाही. म्हणून या महिन्यात सिद्धता लिहून काढायला एकही मिनिट देऊ नकोस. पण सिद्धतेतलं कारण आणि रचनेतली अट यांवर प्रश्न येतात, आणि तुझी महत्त्वमापनाची उत्तरं चुकतात त्यातल्या निम्म्या वेळा तरी मूळ तिथंच असणार असा माझा अंदाज आहे. सूत्र पाठ असतं, पण आकृतीत कुठली लांबी कुठं बसते ते डोळ्यासमोर नसतं.

आधी परीक्षेचा आकडा डोक्यात ठेव. नववीच्या प्रवेशाला एकूण १५० प्रश्न, ४०० गुण आणि १८० मिनिटं असतात. त्यात गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी ४ गुणांचे, म्हणजे २०० गुण. अर्धा पेपर गणितच आहे. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. हे सगळं यंदाच्या माहितीपुस्तिकेशी एकदा ताडून घे, कारण सूचना बदलू शकतात. परीक्षा देशभर एकच असते, त्यामुळे प्रश्नांचा ढंग बालभारतीपेक्षा केंद्रीय मंडळाच्या पुस्तकांकडे झुकतो. भूमितीत चौकोनांचे गुणधर्म, चौकोनांच्या रचना, घनाकृती आणि महत्त्वमापन एवढ्यावर तुझा भर असू दे. गणितात बाकीचंही बरंच आहे, म्हणून भूमितीला रोज सव्वा तास धर, जास्त नको.

आता मुख्य गोष्ट. सिद्धता, रचना आणि महत्त्वमापन असे तीन वेगळे ढीग करून वेळ वाटू नकोस. एकच आकृती घे, ती हातानं काढ, ती तशीच का येते ते तोंडानं सांग आणि मग तिच्यावरच गणितं कर. हे बोलायला सोपं वाटतं म्हणून एक आकृती तुझ्याबरोबर पूर्ण करते. वही, पट्टी आणि कंपास घेऊनच पुढचं वाच.

८ सेंमीचा आडवा रेषाखंड काढ. डाव्या टोकाला अ म्हण, उजव्या टोकाला क. आता याचा लंबदुभाजक काढायचाय. शाळेत सांगतात, कंपासमध्ये निम्म्यापेक्षा जास्त अंतर घ्या. तू बरोबर ५ सेंमी घे. टोक अ वर ठेवून वर आणि खाली कंस काढ, मग अंतर न बदलता टोक क वर ठेवून तसेच दोन कंस काढ. वर जिथं छेदतात तो ब, खाली छेदतात तो ड. ब आणि ड जोडलेस की लंबदुभाजक झाला. इथं मुलं कंपास ठेवून देतात. तू ठेवू नकोस. अब, बक, कड, डअ या चार बाजूही जोड.

काय तयार झालं? समभुज चौकोन. चारही बाजू ५ सेंमीच्या, कारण चारही कंस एकाच अंतरानं काढले होते. म्हणजे आजवर तू जितके लंबदुभाजक काढलेस, त्या प्रत्येकात एक समभुज चौकोन होता, फक्त त्याच्या बाजू जोडल्या नव्हत्या. कोनदुभाजकाचंही तसंच आहे. शिरोबिंदूपासून दोन्ही भुजांवर सारखं अंतर कापतोस आणि तिथून पुन्हा त्याच अंतरानं कंस छेदवतोस, तेव्हाही समभुज चौकोनच तयार होतो. दुसऱ्या वेळी अंतर बदललंस तर पतंग होतो, तरी कोन दुभागतोच.

आता सिद्धता, पण पाठ न करता. बड ही रेषा अक ला मध्यावर आणि काटकोनातच का छेदते? बडच्या दोन बाजूंना दोन त्रिकोण दिसतात, एक अ कडचा, एक क कडचा. दोन्हीच्या दोन-दोन बाजू ५ सेंमीच्या आणि तिसरी बाजू बड दोघांत मिळून एकच. म्हणजे बाबाबा कसोटीनं ते एकरूप, म्हणून ब पाशी दोन्हीकडे सारखाच कोन. आता कर्ण जिथं छेदतात त्या बिंदूला म म्हण आणि वरचे दोन लहान त्रिकोण बघ. एक बाजू ५ सेंमी, ब पाशी कोन सारखा, बाजू बम सामाईक. बाकोबा कसोटीनं हेही एकरूप. म्हणून अम आणि कम सारखे, आणि म पाशी शेजारचे दोन कोन सारखे. ते दोन मिळून सरळ कोन, १८०°, म्हणून प्रत्येक ९०°. झालं. यात एकही ओळ पाठ करायची नाही. चार बाजू सारख्या का, हे तुझ्या हातानं काढलेल्या कंसांनीच सांगितलं आणि पुढचं सगळं त्यातून आलं. दोन दिवसांत विसरण्याचं कारण हेच की सिद्धता आकृतीपासून तोडून ओळी म्हणून पाठ केली होती. रात्री जेवण झाल्यावर आईला ही आकृती दाखवून दीड मिनिटात सांग. अडखळलास तर ज्या पायरीला अडखळलास तेवढीच पुन्हा बघ.

आता पट्टी लाव. बम ३ सेंमी भरायला हवं, कारण ५, ४, ३ चा काटकोन त्रिकोण आहे. बड म्हणजे ६. तुझ्या वहीत बड ५.७ किंवा ६.३ भरला तर आकृती चुकली, आणि कारण बहुधा दोनांपैकी एक असतं. कंपासची पेन्सिल बोथट झालेली असते, नाहीतर स्क्रू ढिला असल्यामुळे कंस काढताना अंतर हळूच सरकतं. तुला रचनेला वेळ लागतो म्हणतोस, त्यातला बराच वेळ ढिल्या कंपासमुळे खोडण्यात जात असेल. तो आधी घट्ट करून घे.

मग महत्त्वमापन. या चौकोनाचं क्षेत्रफळ किती? कर्ण अक नं त्याचे दोन त्रिकोण झाले, एक वर, एक खाली. प्रत्येकाचा पाया ८, उंची ३, म्हणून क्षेत्रफळ १२. दोन मिळून २४ चौ. सेंमी. 'कर्णांच्या गुणाकाराच्या निम्मं' हे सूत्र इथूनच आलं, आणि त्यात उंची म्हणून ३ धरता आली ती कर्ण काटकोनात छेदतात म्हणूनच. पेपरात हाच प्रश्न आला तर पर्याय साधारण ६, १२, २४ आणि ४८ असे असतील. नीट बघ, यातला एकही आकडा उगाच आलेला नाही. ४८ म्हणजे निम्मं करायला विसरलास. १२ म्हणजे दोन त्रिकोणांऐवजी एकच धरलास. ६ म्हणजे कर्णांऐवजी अर्धे कर्ण सूत्रात घातलेस. नेहमीच्या चुका पर्यायात आधीच छापलेल्या असतात, म्हणून आपलं उत्तर पर्यायात सापडलं एवढ्यावरून ते बरोबर आहे असं मानू नकोस.

आता याच आकृतीवरून प्रश्न फिरव. बाजू ५ आणि एक कर्ण ६ दिला, तर क्षेत्रफळ किती? परिमिती २० आणि एक कर्ण ८, तर दुसरा कर्ण किती? क्षेत्रफळ २४ आणि बाजू ५, तर उंची किती? या शेवटच्या प्रश्नात मुलं फार चुकतात. समभुज चौकोन हा समांतरभुजही असतो, म्हणून पाया गुणिले उंचीही चालतं. २४ भागिले ५ म्हणजे ४.८. खात्री करायची तर ब पासून समोरच्या बाजूवर गुण्यानं लंब टाकून मोज, ४.८ च्या आसपास यायलाच हवं. एका आकृतीवर असे चार प्रश्न स्वतः तयार करून सोडवलेस की त्या दिवसाची भूमिती झाली.

आणखी एक करून बघ. अक ८ ऐवजी ११ सेंमी घे आणि कंपास ५ सेंमीवरच ठेव. कंस एकमेकांपर्यंत पोचतच नाहीत. म्हणजे बाजू ५ आणि कर्ण ११ असा समभुज चौकोन असूच शकत नाही. त्रिकोणाच्या दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा मोठी असावी लागते, हा नियम इथं डोळ्यांनी दिसतो. 'खालीलपैकी कोणता चौकोन काढता येणार नाही' हा रचनेवरचा प्रश्न येतो तो असा, आणि हातानं कंस फसलेला पाहिलेल्या मुलाला त्यासाठी थांबावं लागत नाही.

रचनेचा दुसरा प्रश्न मापांच्या संख्येचा असतो. एकच एक चौकोन ठरायला किती मापं लागतात? आइस्क्रीमच्या चार काड्या घेऊन टोकांना टाचण्या मार. चारही बाजू ठरलेल्या असूनही चौकट बोटानं दाबली की कलते. जुन्या बाजेचे सांधे ढिले झाले की ती तिरकी होते, तसंच. आता पाचवी काडी कर्णावर आडवी बसव, चौकट हलणार नाही. म्हणून चौकोनाला ५ मापं लागतात. पण समांतरभुजाला ३ पुरतात, दोन लगतच्या बाजू आणि त्यांमधला कोन. कारण समोरासमोरच्या बाजू सारख्या, ही माहिती नावातूनच फुकट मिळते. आयताला आणि समभुज चौकोनाला २, चौरसाला १. गुणधर्म जितके जास्त, तितकी मापं कमी. हे कोष्टक म्हणून पाठ करू नकोस, प्रत्येक ठिकाणी कुठलं माप फुकट मिळालं ते सांग.

यातला एक डाव मात्र ओळखून ठेव. चारही कोन आणि एक बाजू दिली, एकूण मापं पाच. चौकोन ठरेल का? नाही. सगळे कोन ९० आणि एक बाजू ५ घे. ५ गुणिले २ चा आयतही बसतो, ५ गुणिले ७ चाही. चौकोनाच्या कोनांची बेरीज ३६० असते, त्यामुळे तीन कोन कळले की चौथा आपोआप ठरतो. म्हणजे ते पाचवं माप नव्हतंच.

आता तुझी सूत्रं पाठ असूनही उत्तरं का चुकतात ते बघू. तुझ्या घरी मागच्या दारी पाण्याचं गोल पिंप असेल. समजा त्याचा व्यास ७० सेंमी आणि उंची १ मीटर. त्यात किती लिटर पाणी मावेल? पर्याय ३८५, १५४०, ३८.५ आणि ३.८५. लेखणी लावण्याआधी वहीच्या कडेला तीन गोष्टी लिही. त्रिज्या किती? ३५, ७० नाही. सगळी मापं एका एककात आहेत का? १ मीटर म्हणजे १०० सेंमी. काय विचारलंय? आतली जागा, म्हणजे घनफळ, पत्रा नाही. मग πr²h मध्ये २२/७ घालून आधी ३५ ला ७ नं छेद दे. २२ गुणिले ५ गुणिले ३५ म्हणजे ३८५०, गुणिले १०० म्हणजे ३,८५,००० घन सेंमी. १००० घन सेंमीचा १ लिटर, म्हणून ३८५ लिटर. व्यासालाच त्रिज्या धरणाऱ्याला १५४० मिळतात, बरोबर चौपट. मीटरचे सेंमी करायला विसरणाऱ्याला ३.८५ मिळतात.

हे उत्तर सूत्राशिवाय तपासता येतं, आणि परीक्षेत ही तपासणी दहा सेकंदांत होते. पिंपाला अगदी चिकटून बसणारी चौकोनी पेटी मनात आण. ७० गुणिले ७० गुणिले १००, म्हणजे ४९० लिटर. पिंप त्या पेटीच्या आत मावतं, म्हणून उत्तर ४९० पेक्षा कमीच हवं. १५४० गेलं. आणि गोल आकार चौरसाच्या पाऊण भागापेक्षा जरासा जास्त भरतो, नेमकं सांगायचं तर २२/७ धरून १४ पैकी ११ भाग. ४९० चे पाऊण म्हणजे ३६७ च्या वर काहीतरी. ३८.५ आणि ३.८५ ही गेले. वृत्तचितीच्या प्रत्येक गणितात ही पेटी आधी काढ, मग सूत्र वापर.

त्याच पिंपाला किती पत्रा लागेल हा वेगळा प्रश्न. बाजूचा पत्रा 2πrh, तो २२,००० चौ. सेंमी. तळ ३,८५० चौ. सेंमी. वर झाकण नाही, म्हणून २५,८५०. इथंही पर्यायात २२,००० असेल, तळ विसरणाऱ्यासाठी, आणि २९,७०० असेल, झाकणही धरणाऱ्यासाठी. म्हणून पृष्ठफळाच्या गणितात सूत्र आठवण्याआधी पृष्ठं मोज. एक रविवारची संध्याकाळ याला दे. घरी कंदी पेढ्यांचा रिकामा खोका असेल तर तो कडेनं उलगडून जमिनीवर पसर आणि कुठला आयत कुठल्या मापांचा आहे ते त्यावरच पेन्सिलीनं लिही. मग झाकणाचा भाग कापून टाक आणि क्षेत्रफळ पुन्हा काढ. खोली रंगवायची असेल तर फरशी रंगवत नाहीत, हे गणितात आपोआप आठवायला लागेल. त्याच बैठकीत पृष्ठं, शिरोबिंदू आणि कडाही मोजून टाक. खोक्याला ६, ८ आणि १२. पृष्ठं आणि शिरोबिंदू यांची बेरीज कडांपेक्षा २ नं जास्त असते, सपाट पृष्ठांच्या साध्या घनाकृतींत. घनाकृतींसाठी यापेक्षा जास्त वेळ नको.

एककांचं एकच सांगते. १ मीटर १०० सेंमीचा, म्हणून १ चौरस मीटर १०० गुणिले १००, म्हणजे १०,००० चौ. सेंमी. तो १०० चा नाही. शेवटी बदलायला जाऊ नकोस, गणित सुरू करण्याआधीच सगळं एका एककात आण.

आता तुझ्या पत्रात नसलेली, पण मला जास्त काळजी वाटते ती गोष्ट. नववीच्या प्रवेशाचा पेपर इंग्रजीतच असतो. तू मराठी माध्यमातला. गणित येत असूनही शब्द अडला की गुण जातात. आणि भूमितीत अडचण नुसती नवीन शब्दाची नाही. मराठीत आपण समभुज त्रिकोणही म्हणतो आणि समभुज चौकोनही म्हणतो. इंग्रजीत एक इक्विलॅटरल ट्रँगल आणि दुसरा रॉम्बस, नावात काही साम्यच नाही. समलंब चौकोन म्हणजे ट्रॅपेझियम, समांतरभुज म्हणजे पॅरॅलेलोग्रॅम, पतंग म्हणजे काइट, लंबदुभाजक म्हणजे परपेंडिक्युलर बायसेक्टर. पृष्ठफळात लॅटरल सरफेस म्हणजे फक्त उभ्या बाजू, कर्व्हड सरफेस म्हणजे वक्रपृष्ठ, टोटल सरफेस म्हणजे सगळं. कपॅसिटी आलं की लिटर, म्हणजे घनफळ. ओपन ॲट द टॉप आलं की एक झाकण कमी. हे शब्द यादी करून पाठ करण्याऐवजी रोज काढलेल्या आकृतीवरच इंग्रजीत लिही. वर काढलेल्या चौकोनावर डायगोनल, साइड, हाइट हे शब्द ज्या त्या रेषेला लागून लिहिलेस की ते त्या रेषेचेच होऊन जातात. आठवड्याभरात तुला प्रश्न मनात मराठीत उलटवावा लागणार नाही.

आता महिना कसा वाटायचा ते. पहिले दहा दिवस रोज एक आकृती. त्यात समभुज चौकोन, पतंग, समांतरभुज, आयत, चौरस, समलंब चौकोन आणि उरलेल्या दिवसांत पाच मापांच्या चौकोन रचनेचे वेगवेगळे प्रकार. चाळीस मिनिटांत आकृती, तिचं कारण आणि तिच्यावरचे तुझे चार प्रश्न. राहिलेल्या वेळात पुस्तकातली महत्त्वमापनाची चार-पाच गणितं. समलंब चौकोनाला मात्र दोन दिवस दे. तिथं तिरकी बाजू उंची म्हणून धरण्याची चूक सगळ्यांत जास्त होते. समांतर बाजू १० आणि २२, तिरक्या दोन्ही बाजू १० अशी आकृती काढ. उंची १० नाही. दोन्हीकडे सहा-सहा उरतात, म्हणून ६, ८, १० चा त्रिकोण होतो आणि उंची ८. क्षेत्रफळ ३२ च्या निम्मे १६ गुणिले ८, म्हणजे १२८. उंची १० धरणाऱ्याला १६० मिळतात, आणि तेही पर्यायात असतं. तुमच्याकडच्या उसाच्या रानाचा बांध तिरका असेल, तर त्या बांधाची लांबी आणि रानाची आडवी रुंदी यांतला फरक तू पायांनी चालून पाहिलेलाच आहेस.

अकराव्या दिवसापासून बाविसाव्यापर्यंत पारडं फिरव. पाऊण तास महत्त्वमापन, आधी सपाट आकृत्या, मग घन, इष्टिकाचिती आणि वृत्तचिती. पंधरा मिनिटं कारणं तोंडानं, मागच्या दहा दिवसांतली कुठलीही दोन. राहिलेला वेळ इंग्रजी प्रश्न वाचायला. कंपास दर तिसऱ्या दिवशी एकदा हातात घे, एकच रचना, घड्याळ लावून. पहिल्या दिवसापासूनच एक छोटी वही ठेव. त्यात गणित उतरवायचं नाही, फक्त कशामुळे चुकलं ते चार शब्दांत लिहायचं. 'व्यास त्रिज्या समजलो.' 'झाकण मोजलं.' 'तिरकी बाजू उंची धरली.' बाराव्या-तेराव्या दिवसापर्यंत तुला दिसेल की वेगवेगळ्या चुका तीन-चारच आहेत आणि त्याच फिरून फिरून येतायत. त्यानंतर जी चूक सर्वांत जास्त वेळा लिहिली असेल तिच्याच प्रकारची गणितं रोज दोन जास्त कर.

तेविसाव्या दिवसापासून भूमिती वेगळी बसवायची नाही. एक दिवसाआड पूर्ण १५० प्रश्नांचा पेपर, तीन तास, मधे न उठता. असे तीन पेपर पुरे. सगळ्या प्रश्नांना सरासरी ७२ सेकंद येतात, पण गणिताला तेवढे पुरत नाहीत. गणिताच्या ५० प्रश्नांना ८५ मिनिटं ठेव आणि बाकीचे १०० प्रश्न ९५ मिनिटांत बसव. भूमितीचा प्रश्न वाचल्यावर पाच सेकंदांत कच्च्या जागेवर हातानं आकृती काढ, पट्टीशिवाय. आकृती निघालीच नाही तर प्रश्न कळलेला नाही, खूण करून पुढं जा आणि शेवटी परत ये. गुण कापत नाहीत, म्हणून शेवटची दोन मिनिटं राहिली की एकही गोल रिकामा ठेवू नकोस. पण त्याआधी पेटीची युक्ती लावून दोन पर्याय तरी उडव.

पेपर नसलेल्या दिवशी आदल्या दिवसाच्या चुका त्या छोट्या वहीत घाल आणि ज्या आकृतीवर चुकलास तीच कंपासनं पुन्हा काढ. शेवटच्या दोन दिवसांत नवीन काही नको. ती छोटी वही आणि पहिल्या दहा दिवसांतल्या आकृत्या, एवढंच चाळ.

तुझ्या दादाला पण एक काम दे. तो रोज संध्याकाळी कुठलीही एक आकृती बोटानं दाखवेल आणि फक्त 'का?' एवढंच विचारेल. तू पुस्तक न बघता दीड मिनिटात सांगायचं. पहिल्या दहा दिवसांनंतर मला पुन्हा लिही, आणि पत्रात तुझ्या छोट्या वहीतल्या पहिल्या दहा चुका जशाच्या तशा उतरवून पाठव. त्यावरून पुढच्या वीस दिवसांत काय कमी-जास्त करायचं ते मी सांगेन.